नव्या नोकरीत लिंक्डइन कधी बदलावं आणि त्यात काय लिहावं

प्रश्न: मी १५ सप्टेंबरला पुण्यातल्या एका कंपनीत रुजू झाले. टेस्टिंगचा सहा वर्षांचा अनुभव आहे. ऑफर लेटरवर ‘कन्सल्टंट, ग्रेड २’ असं पद आहे, पण टीममध्ये सगळे सीनियर क्यूए म्हणतात. जुन्या कंपनीत शेवटचा दिवस १२ सप्टेंबर होता, रिलीव्हिंग लेटर अजून आलेलं नाही आणि इथे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन चालू आहे. मैत्रिणी म्हणतात लिंक्डइन लगेच बदल, नवरा म्हणतो प्रोबेशन संपेपर्यंत थांब. कधी बदलू आणि काय लिहू? नोकरी डॉट कॉमवरचं प्रोफाइल तसंच पडून आहे.

उत्तर:

माझी एकवीस वर्षं एचआरमध्ये गेली. आधी नाशिकच्या एका कारखान्यात आणि नंतर पुण्यात आयटीत. त्यातली बरीच वर्षं नव्या माणसांना रुजू करून घेण्याच्या आणि त्यांची कागदपत्रं तपासण्याच्या कामात गेली. त्या अनुभवावरून सांगते, तुमच्या मैत्रिणी जरा घाई करतायत आणि तुमचे मिस्टर जरा जास्तच थांबायला सांगतायत. प्रोफाइल बदलणं हे एक काम नाही, ती दोन कामं आहेत. पहिलं म्हणजे नोंद दुरुस्त करणं, दुसरं म्हणजे लोकांना कळवणं. नोंद दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, कुणालाही न कळवता करायची. कळवायचं ते व्हेरिफिकेशन पूर्ण झाल्यावर आणि रिलीव्हिंग लेटर हातात आल्यावर, म्हणजे तुमच्या बाबतीत साधारण ऑक्टोबरच्या मध्यानंतर. पण या दोन्हीच्या आधी एक काम आज संध्याकाळीच करा, कारण तिथे रोज थोडं नुकसान होत असतं.

ते काम म्हणजे तुमचं नोकरी डॉट कॉमवरचं प्रोफाइल. तुमचा नोटीस पीरियड चालू असताना तुम्ही तिथे ‘नोटीस पीरियडवर आहे’ असा पर्याय निवडला असणार. आपली रेझ्युमे हेडलाइन रोज सकाळी थोडी बदलायची म्हणजे शोधात वर येतो, ही सवयही बहुतेकांना असते. रिक्रूटरला त्याच्या बाजूने उमेदवार शेवटचा कधी सक्रिय होता आणि प्रोफाइल कधी बदललं ते दिसतं, आणि त्यावरून तो यादी गाळूनही घेतो. आता विचार करा, तुमच्या नव्या कंपनीला तुमच्यासारखेच आणखी दोन टेस्टर हवे आहेत. त्यांची भरती करणारी माणसं त्याच शब्दांनी शोधणार आणि त्या यादीत तुमचं नाव वर येणार. आमच्याकडे हे घडलं आहे. रुजू होऊन अकरा दिवस झालेल्या मुलीचं प्रोफाइल आमच्याच रिक्रूटरला सापडलं, त्याच सकाळी बदललेलं. ती दुसरी नोकरी शोधत नव्हती. तिने सवयीने मोबाइलवर ॲप उघडून हेडलाइन बदलली होती. पण गोष्ट तिच्या मॅनेजरच्या कानावर गेली आणि पहिल्या महिन्यातच तिला ‘तुम्ही राहणार आहात ना?’ या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागलं.

इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी प्रोफाइल रिक्रूटरना दिसणं बंद करा आणि मगच त्यात सध्याची कंपनी, पगार, नोटीस पीरियड हे सगळं बदला. उलट केलंत तर प्रत्येक बदलाने प्रोफाइल ‘ताजं’ होतं आणि पुढचे चार दिवस फोन खणखणत राहतो, तोही नव्या टीमबरोबर बसलेले असताना. प्रोफाइल अजिबात बंद करायचं नसेल, तर निदान नव्या कंपनीला ते दिसू नये अशी सोय तिथे आहे, तेवढी तरी वापरा. जुना मजकूर मात्र पुसून टाकू नका. तीन वर्षांनी तोच उपयोगी पडतो.

लिंक्डइनवर याच्याच जोडीला Open to work हे आहे. हिरवी पट्टी लावली असेल तर ती काढायची हे सगळ्यांना कळतं. घोटाळा होतो तो ‘फक्त रिक्रूटरना दिसावं’ हा पर्याय निवडलेल्यांचा. लिंक्डइन हे तुमच्या सध्याच्या कंपनीच्या रिक्रूटरपासून लपवायचा प्रयत्न करतं, पूर्ण खात्री तेही देत नाहीत. पण तुमची सध्याची कंपनी कोणती हे लिंक्डइनला कळतं ते तुमच्या प्रोफाइलवरूनच. तिथे अजून जुनं नाव असेल, तर लपवाछपवी होते ती जुन्या कंपनीपासून. नव्या कंपनीच्या भरती विभागाला तुम्ही ‘नोकरीच्या शोधात’ दिसत राहता. म्हणून नोंद बदलायला थांबणार असलात तरी हे बटण आजच बंद करा.

आता नोंदीकडे वळू. पहिल्याच दिवशी का नको, याची दोन कारणं मला महत्त्वाची वाटतात. एक तर पहिल्या आठवड्यात तुमचं काय काम ठरलं आहे हे कंपनीत सगळ्यांना सांगून झालेलं असतंच असं नाही. एकदा आम्ही एका टीम लीडच्या जागी नवा माणूस घेतला होता. जुन्या लीडला दुसऱ्या प्रोजेक्टवर हलवायचं ठरलं होतं, पण त्याला आणि टीमला ते पुढच्या सोमवारी सांगायचं होतं. नव्या माणसाने रुजू झाल्याच्या संध्याकाळी पदासकट प्रोफाइल बदललं, नोटिफिकेशन गेलं आणि जुन्या लीडला ती बातमी स्वतःच्या फोनवर वाचायला मिळाली. नव्या माणसाची यात काहीच चूक नव्हती. चूक आमची होती, आम्ही त्याला सांगायला हवं होतं. पण पुढचे कित्येक महिने टीमने राग धरला तो त्याच्यावरच. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते, मॅनेजरला एक ओळ विचारा: ‘मी या आठवड्यात लिंक्डइनवर कंपनीचं नाव टाकणार आहे, पद कसं लिहू?’ या एका ओळीत परवानगीही मिळते आणि पदाचा प्रश्नही सुटतो.

दुसरं कारण स्पष्टच सांगते. काही माणसं पहिल्या दहा-बारा दिवसांतच परत जातात. हातात दुसरी ऑफर असते, सांगितलेलं काम निघत नाही, शिफ्ट जमत नाही. पहिल्या दिवशी जाहीर करून पंधराव्या दिवशी नाव काढणं फार अवघड जातं. मात्र एक लक्षात ठेवा. अशी छोटी नोकरी प्रोफाइलवर नाही टाकली तरी चालते, पण पुढच्या कंपनीच्या व्हेरिफिकेशन फॉर्ममध्ये ती लपवता येत नाही. पीएफ सुरू झालं असेल तर यूएएनवर तिची नोंद राहते आणि ती पुढे दिसते. तुमच्याकडे आणखी कुठली ऑफर असेल आणि त्यांना अजून ‘येत नाही’ असं कळवलं नसेल, तर प्रोफाइलला हात लावायच्या आधी तो एक फोन करा. तिथला एचआरही तुमचं प्रोफाइल बघत असतो.

मग प्रोबेशन संपेपर्यंत थांबलं तर काय बिघडलं? प्रोबेशन साधारण तीन ते सहा महिन्यांचं असतं. तेवढा काळ तुमच्या प्रोफाइलवर जुनी कंपनी ‘सध्याची’ म्हणून दिसत राहणार, आणि ते खरं नाही. काही कंपन्या नोकरी सोडलेल्यांना ‘आमचं नाव काढा’ अशी मेल पाठवतात. शिवाय नव्या कंपनीतले सहकारी पहिल्या काही दिवसांत तुम्हाला शोधतातच. नव्या टीमच्या माणसाने तुमचं प्रोफाइल उघडलं आणि तिथे जुन्या कंपनीत ‘आजपर्यंत’ असं लिहिलेलं दिसलं, की त्याच्या मनात उगाच शंका येते. प्रोबेशनचा शब्द प्रोफाइलवर कुठेही नको आणि त्यासाठी थांबणंही नको.

नोंद करताना काय काय होतं ते क्रमाने सांगते. नवं पद टाकायचा फॉर्म उघडलात की वरच Notify network असं बटण दिसतं. ते बंद आहे ना, हे आधी बघा. त्याच्याखालीच लिहिलेलं असतं की सूचना जायला दोन तासांपर्यंत वेळ लागू शकतो. त्यामुळे सेव्ह केल्यावर लगेच काही दिसलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. हेच बटण पुढे नोकरीच्या वर्षपूर्तीच्या सूचनाही ठरवतं, म्हणून महिनाभराने हवं तर ते परत चालू करा. ते उशिरा चालू केल्याने आधी केलेला बदल मागाहून जाहीर होईल अशी अपेक्षा ठेवू नका. जाहीर करायचं तेव्हा पोस्ट हातानेच लिहायची आहे. आणि बटण चालू असताना पद किंवा तारीख पुन्हा पुन्हा दुरुस्त करू नका, नाहीतर तुम्ही पुन्हा नोकरी बदलली असं लोकांना वाटतं आणि अभिनंदनाचे मेसेज परत सुरू होतात.

कंपनीचं नाव टाइप करताना खाली जी यादी येते तिच्यातून खरं पान निवडा. एकाच नावाच्या दोन-तीन कंपन्या, शाखा, जुनी पानं असतात. चुकीचं पान निवडलं तर भलताच लोगो दिसतो, आणि काहीच निवडलं नाही तर राखाडी चौकोन दिसतो. कोणतं पान हे ओळखायची सोपी खूण म्हणजे तुमच्या मॅनेजरच्या प्रोफाइलवरून त्या पानावर जाणं. त्याच फॉर्ममध्ये जुनं पद आत्ता संपवा अशा अर्थाची एक चौकट असते. ती टिक केली की जुन्या नोकरीला आजचा महिना लागतो. तुम्ही सप्टेंबरमध्येच बदल केलात तर बरोबर. पण ऑक्टोबरमध्ये केलात, तर जुनी नोकरी ऑक्टोबरपर्यंत आणि नवी सप्टेंबरपासून, म्हणजे एक महिना दोन्हीकडे नोकरी असं चित्र उभं राहतं. दोन ठिकाणी एकाच वेळी काम करणाऱ्यांवर गेल्या काही वर्षांत कंपन्या बारीक नजर ठेवून आहेत, तेव्हा हा महिना आवर्जून तपासा. लिंक्डइन फक्त महिना आणि वर्ष घेतं, दिवस घेत नाही. तुमच्या बाबतीत दोन्हीकडे सप्टेंबर येईल आणि ते पूर्णपणे योग्य आहे. मध्ये अंतर दिसावं म्हणून जुन्या नोकरीला ऑगस्ट लावायची काहीही गरज नाही.

रिलीव्हिंग लेटर न आल्याने ही शांत नोंद अडायला नको, जर राजीनामा स्वीकारल्याची आणि १२ सप्टेंबर हा शेवटचा दिवस असल्याची मेल तुमच्याकडे असेल तर. ती मेल जुन्या कंपनीच्या पत्त्यावर राहिली असेल तर मात्र तिकडच्या एचआरला वैयक्तिक मेलवरून लिहून आजच मागून घ्या. अपवाद एकच. नवी कंपनी जुनीची थेट स्पर्धक किंवा तिचीच ग्राहक असेल, तर लेटर येईपर्यंत नोंदही थांबवा. नोकरी सोडल्यानंतर स्पर्धकाकडे काम करायचं नाही ही अट भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ मुळे आपल्याकडे सहसा टिकत नाही. पण कोर्टात न टिकणारी अट एखाद्या रागावलेल्या माणसाला तुमचा हिशेब आणि लेटर तीन आठवडे दाबून ठेवायला पुरते. त्याला निमित्त कशाला द्यायचं?

व्हेरिफिकेशन चालू असताना जुन्या नोंदींना हात लावू नका, हे मी सगळ्यात कळकळीने सांगेन. तपासणारी एजन्सी तुमची पत्रं बघते, जुन्या कंपनीला मेल करते, यूएएनवरच्या तारखा बघते आणि बऱ्याचदा तुमचं लिंक्डइनही उघडते. गेल्या वर्षी आमच्याकडे आलेल्या एका टेस्टरची गोष्ट सांगते. त्याच्या प्रोफाइलवर आणि रेझ्युमेवर पहिली नोकरी जुलै २०१९ पासून होती. जुन्या कंपनीने एजन्सीला रुजू तारीख कळवली जानेवारी २०२०, आणि पीएफही तेव्हापासूनच. दोन्ही बाजू खऱ्या होत्या. पहिले सहा महिने तो स्टायपेंडवर ट्रेनी होता, पीएफ कापला जात नव्हता आणि कंपनी तो काळ नोकरीत धरत नव्हती. एजन्सीने त्याला विचारणा केली तेव्हा घाबरून त्याने रात्रीतून लिंक्डइनवरची तारीख जानेवारी केली. एजन्सीच्या फाइलमध्ये मात्र आधीच्या पानाचा स्क्रीनशॉट लागलेला होता. मूळ फरक साधा होता, पण मधेच केलेल्या बदलामुळे आमच्याकडे प्रश्न आला की हा माणूस काही लपवतोय का.

मी त्याला ट्रेनी म्हणून मिळालेलं पत्र शोधायला सांगितलं. ते त्याच्या आईने नाशिकला घरी कपाटात जपून ठेवलं होतं. त्याने आधी आम्हाला मेल लिहिली: जुलै ते डिसेंबर २०१९ ट्रेनी, जानेवारी २०२० पासून कायम कर्मचारी, सोबत दोन्ही पत्रं. एजन्सीने शेरा काढून टाकला. त्यानंतर प्रोफाइलवर त्याच कंपनीखाली दोन वेगळी पदं केली, प्रत्येकाला आपापल्या तारखा. तुम्हीही पीएफच्या सदस्य पोर्टलवर लॉगिन करून View मधलं Service History उघडा आणि तिथल्या तारखा प्रोफाइलशी ताडून बघा. फरक दिसला तर आधी एचआरला मेल आणि मग प्रोफाइलवर दुरुस्ती, हा क्रम मोडू नका. जुन्या कंपनीने तुमची सोडल्याची तारीख अजून भरलेली नसेल तर लगेच घाबरू नका. त्यांनी भरलीच नाही, तर शेवटच्या पीएफ भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती तुम्हाला स्वतःही नोंदवता येते.

आता पदाचा प्रश्न. ‘कन्सल्टंट, ग्रेड २’ आणि ‘सीनियर क्यूए’ यांत अनुभवाच्या नोंदीत पत्रावरचं पदच लिहा. ग्रेड लिहायची गरज नाही, तो पगाराचा आतला हिशेब असतो आणि बाहेरच्याला त्यातून काहीच कळत नाही. ‘कन्सल्टंट, क्वालिटी इंजिनिअरिंग’ असं विभागाचं नाव जोडून लिहिलंत की पत्राशी जुळतंही आणि काम काय तेही समजतं. ‘सीनियर’ हा शब्द पत्रावर नाही, म्हणून पदात नको. पुढच्या नोकरीच्या वेळी कुणीतरी हे पद आजच्या कंपनीला विचारणार आणि तिथला एचआर रजिस्टरमधलंच उत्तर देणार. टीममधले लोक तुम्हाला काय म्हणत होते हे त्याला माहीत नसेल.

काम सांगायची जागा म्हणजे नावाखालची हेडलाइन. तिथे २२० अक्षरं मिळतात, पण मोबाइलवर सुरुवातीचे मोजके शब्दच दिसतात, म्हणून कामाचा शब्द आधी यायला हवा. तुमच्यासाठी मी असं लिहीन: ‘टेस्ट ऑटोमेशन आणि एपीआय टेस्टिंग | बँकिंग आणि पेमेंट्स | पुणे’. यात कंपनीचं नाव नाही, कारण ते शेजारी लोगोसह दिसतंच. ‘सीनियर’ नाही, आणि सहा वर्षांचं काम तर पूर्ण दिसतं. हेडलाइनमध्ये जुन्या कंपनीचं नाव राहिलं आहे का तेही बघा. नोंद बदलली तरी आपण स्वतः लिहिलेली हेडलाइन आपोआप बदलत नाही आणि बरेच जण महिनोन्महिने दोन कंपन्यांची नावं घेऊन फिरतात.

पदाखालच्या वर्णनात पहिल्या आठवड्यांत दोन ओळींपेक्षा जास्त लिहू नका. इथे सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे जाहिरातीतलं कामाचं वर्णन जसंच्या तसं चिकटवणं. तिसऱ्या आठवड्यातल्या माणसाच्या पानावर ‘टीमचं नेतृत्व केलं, दर्जा वाढवला’ असं भूतकाळात लिहिलेलं त्याच्या नव्या सहकाऱ्यांनी वाचलं, की त्यांना ते टोचतं, कारण ते काम अजून तेच करत असतात. वर्तमानकाळात, आज खरं असेल तेवढंच लिहा: ‘पेमेंट प्रणालीच्या एपीआय चाचण्या पाहते. ऑटोमेशन टीमसोबत काम.’ एवढं पुरे. काय साधलं ते प्रोबेशन संपून कन्फर्मेशनचं पत्र आलं की लिहा, तेव्हा सांगण्यासारखं काही हातात असेल.

तुम्ही एखाद्या बँकेच्या प्रोजेक्टवर असाल तर बँकेचं नाव लिहू नका. कंपनी आणि ग्राहक यांच्या करारात नाव वापरण्यावर बहुतेक वेळा बंधन असतं आणि ते बंधन तुमच्या नियुक्तिपत्रातल्या गोपनीयतेच्या कलमातून तुमच्यापर्यंत येतं. ‘खाजगी क्षेत्रातील एका बँकेसाठी’ असं लिहिलं की अनुभव समजतो. हे वाचणाऱ्यांपैकी कुणी तिसऱ्या कंपनीच्या पेरोलवर असेल, तर त्याने नोकरी देणारी म्हणून पेरोलचीच कंपनी लिहावी. रोज ज्या इमारतीत जातो तिचं नाव लिहायचा मोह मोठा असतो हे मला माहीत आहे. पण पगारपत्रक, पीएफ आणि अनुभवपत्र या तिन्हींवर पेरोल कंपनीचंच नाव येणार आहे, आणि पुढचं व्हेरिफिकेशन तिथेच अडकतं.

पोस्ट लिहायची वेळ कशी ओळखायची? रिलीव्हिंग लेटर आलेलं असावं, व्हेरिफिकेशन पूर्ण झाल्याचं एचआरने मेलवर कळवलेलं असावं. सप्टेंबरचा पीएफ कंपनीने १५ ऑक्टोबरपर्यंत भरायचा असतो. त्यानंतर पासबुकात नव्या कंपनीची रक्कम दिसली की कागदोपत्री तुम्ही तिकडच्या झालात. दिवाळी आसपास असेल तर सणाच्या चार दिवसांत पोस्ट टाकू नका, शुभेच्छांच्या गर्दीत ती कुणाच्या नजरेला पडत नाही.

पोस्टचा मजकूर मराठीत दाखवते. इंग्रजीत लिहिणार असाल तरी वाक्यांचा क्रम हाच ठेवा.

‘सप्टेंबरपासून मी अमुक कंपनीत क्वालिटी इंजिनिअरिंग विभागात काम करते आहे. पेमेंट प्रणालींच्या चाचण्या हा माझा भाग. आधीच्या टीममध्ये सहा वर्षांत ऑटोमेशन शिकले, तिथल्या सगळ्यांचे आभार. पुण्यात पेमेंट टेस्टिंग करणाऱ्यांशी ओळख व्हायला आवडेल.’

चार वाक्यं. पहिल्यात घडलेली गोष्ट, दुसऱ्यात काम, तिसऱ्यात आभार, चौथ्यात लोकांनी तुमच्याशी बोलायला एक निमित्त. जुन्या कंपनीत कितीही त्रास झाला असला तरी त्याचा उल्लेख नको, ‘अखेर चांगलं वातावरण मिळालं’ असा आडूनही नको. तो वाचणाऱ्यांत तुमची जुनी मॅनेजर असते आणि पुढे संदर्भासाठी फोन तिलाच जाणार असतो. जुन्या सहकाऱ्यांना नावानिशी टॅग करणं टाळा, आणि ‘आमच्याकडे जागा आहेत, मेसेज करा’ ही ओळ पहिल्या काही महिन्यांत तर नकोच. जुन्या कंपनीची माणसं फोडू नयेत अशी अट तुमच्या जुन्या पत्रात बहुतेक असेल, ती एकदा वाचून घ्या. फोटो टाकायचा तर साधा टाका. गळ्यात आयडी कार्ड असलेल्या फोटोत कर्मचारी क्रमांक आणि बारकोड स्पष्ट वाचता येतात. टेबलावरच्या फोटोत मागची स्क्रीन येते, आणि बँकेच्या प्रोजेक्टवर ती चूक फार महाग पडते.

पोस्टनंतरच्या काही दिवसांत एका गोष्टीसाठी तयार राहा. ‘नवीन नोकरी’ असं जाहीर केलेल्या लोकांवर फसवणूक करणारे लक्ष ठेवून असतात, कारण नव्या माणसाला साहेबांचा आवाज, नंबर, लिहायची पद्धत काहीच ठाऊक नसतं. आमच्याकडच्या एका नवख्या मुलाला पोस्ट टाकल्यानंतर तिसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर मेसेज आला. वर आमच्या एमडींचा फोटो आणि नाव, नंबर अनोळखी. ‘मी मीटिंगमध्ये आहे, फोन करू नकोस. ग्राहकाला भेट द्यायची आहे, गिफ्ट कार्डं घे आणि कोड पाठव, पैसे संध्याकाळी मिळतील.’ त्याने दहा हजारांची कार्डं घेतली, कोडही पाठवले. आणखी वीस हजारांची मागणी आली तेव्हा तो माझ्याकडे आला. एमडी त्या वेळी शेजारच्याच खोलीत बसलेले होते.

अशा मेसेजची ओळख म्हणजे अनोळखी नंबर, फोन करू नको असा आग्रह, गिफ्ट कार्डाचे कोड किंवा ओटीपी, आणि गुप्तता. दुसरा प्रकार तुमच्या बाबतीत जास्त शक्य आहे: ‘व्हेरिफिकेशन अडकलं आहे, फी भरा’ अशी मेल. एजन्सीचं बिल कंपनी भरते, तुमच्याकडून पैसे मागण्याचं कारणच नाही. मेल कोणत्या पत्त्यावरून आली ते @ नंतरचं अक्षर न् अक्षर वाचून बघा आणि शंका आली तर रुजू होताना भेटलेल्या एचआरला फोन करा, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. पैसे गेलेच तर लाजून वेळ घालवू नका. लगेच १९३० वर फोन करा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे वाटेतच अडवता येण्याची शक्यता जास्त असते. आमच्या त्या मुलाने दोन दिवस कुणाला सांगितलं नव्हतं, आणि त्याचे दहा हजार परत मिळाले नाहीत.